लोटेला क्यूसी, ठाण्याला आरए की महापेला एडीएल? तीन जाहिराती आहेत, कोणती धरू?

रानमोगरा (खेड)

नमस्कार मंडळी. यंदा एम.एस्सी. झाले, ॲनालिटिकल केमिस्ट्री. अनुभव शून्य. प्रोजेक्टच्या वेळी एचपीएलसीवर थोडाफार हात बसला, तेवढाच. तीन जाहिराती समोर आहेत, तिन्हींत 'फ्रेशर चालेल' असं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, मजकूर मात्र जसाच्या तसा मराठीत उतरवते.

पहिली: ऑफिसर, क्यूसी (एपीआय), लोटे परशुराम. ० ते २ वर्षं. एचपीएलसी, जीसी, केएफ, वेट ॲनालिसिस. ओओएसची माहिती हवी. एफडीए अप्रूव्ह्ड असल्यास प्राधान्य. रोटेशनल शिफ्ट. तातडीने रुजू होणाऱ्यांना प्राधान्य.

दुसरी: ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, रेग्युलेटरी अफेअर्स (एपीआय), ठाणे. डीएमएफ, सीईपी फाइलिंग, क्वेरी रिस्पॉन्स, लाइफसायकल मॅनेजमेंट, ईसीटीडी पब्लिशिंग.

तिसरी: रिसर्च असोसिएट, एडीएल, महापे. मेथड डेव्हलपमेंट, व्हॅलिडेशन, मेथड ट्रान्सफर, प्रोसेस आर अँड डीला ॲनालिटिकल सपोर्ट.

घरचे म्हणतात लोटे धर, कंपनीची बस दारात येते. मैत्रिणी म्हणतात रिसर्च म्हणजे रिसर्च, विचार कसला करतेस. जाहिरात वाचून प्रत्यक्ष काम काय असेल हे कसं ओळखायचं, तेवढं कुणीतरी सांगा.

---

खारवी (रत्नागिरी)

क्यूसीच हवं असेल तर मिरकरवाड्याच्या बाजूला मासळी निर्यातीवाल्यांकडेही क्यूसीच्या जागा असतात. कोळंबीची ग्रेडिंग, ग्लेझिंगचं वजन, एचएसीसीपीची रजिस्टरं. थंडीत उभं राहायची तयारी हवी. घराजवळ आहे, विचार कर.

---

रानमोगरा (खेड)

दादा, धन्यवाद, पण मी औषध कंपन्यांतल्या क्यूसीबद्दल विचारतेय. कोळंबी खाण्यापुरतीच बरी.

---

चुना_भट्टी

आरएचा नाद सोड. तिथे बी.फार्म, एम.फार्मवाल्यांनाच घेतात. एम.एस्सी.वाल्यांना जाहिरातीत चालेल म्हणतात आणि मुलाखतीला नाही म्हणतात. त्यात एकदा क्यूसीत गेलं की माणूस क्यूसीतच म्हातारा होतो. रिसर्च धर.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

चुना_भट्टी, तुमचं अर्धं बरोबर आहे. गोळ्या-इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपन्यांच्या आरएत फार्मसीवाले जास्त, हे खरं. पण रानमोगराच्या जाहिरातीत 'एपीआय' लिहिलंय. एपीआय म्हणजे गोळीत पडणारा मूळ औषधी पदार्थ. त्याची फाइल म्हणजे रिॲक्शनच्या पायऱ्या, इम्प्युरिटी कुठून येतात, सॉल्व्हंट किती उरतं, मेथड कशी आहे. हे सगळं केमिस्ट्रीचंच, म्हणून तिथे एम.एस्सी.वाले भरपूर असतात.

रानमोगरा, पदाच्या नावावरून काम कळणार नाही. त्यापेक्षा एकच घटना घे आणि या तिन्ही खुर्च्यांवर बसलेला माणूस त्या दिवशी काय करतो ते बघ. मग जाहिरातीतले शब्द आपोआप लागतील.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. फायनल प्रॉडक्टचा नमुना क्यूसीत आला. पावडर दमट हवेत पाणी ओढणारी. 'असे'ची, म्हणजे मालात मूळ औषध किती टक्के भरतं त्याची, मर्यादा ९८.० ते १०२.० टक्के, पण 'ॲनहायड्रस बेसिस'वर, म्हणजे पाणी वजा धरून. ॲनालिस्टनं सकाळी सव्वानऊला डबी उघडून केएफ लावलं, पाणी आलं ०.३ टक्के. मग एचपीएलसी तयार होईस्तोवर वेळ गेला आणि असेचं वजन झालं पावणेबाराला. तोवर तीच डबी बॅलन्स रूममध्ये नुसतं झाकण टेकवून ठेवलेली.

असेचा आकडा आला ९७.६. पाणी ०.३ धरून हिशेब केला की ९७.६ भागिले ०.९९७, म्हणजे ९७.९. मर्यादेच्या खाली, ओओएस.

आता क्यूसीचं काम सुरू. पहिली गोष्ट, एकही द्रावण ओतून टाकायचं नाही. बॅलन्सचा प्रिंटआउट, पिपेटची आयडी, स्टँडर्डच्या सहा इंजेक्शनांचा आरएसडी, कॉलम, हिशेब, सगळं सुपरवायझरसमोर बसून तपासायचं. इथे आरएसडी २.० च्या आत होता, म्हणजे मशीन ठीक. तीच व्हायल पुन्हा मारली, तोच आकडा. मूळ स्टॉकमधून नवं डायल्यूशन केलं, तरी तोच. म्हणजे गडबड डायल्यूशनमध्येही नाही, वजनाच्या आधी काहीतरी झालंय. मग दोन प्रिंटआउटांवरच्या वेळा शेजारी ठेवल्यावर अडीच तासांचं अंतर दिसलं, आणि त्या दिवशीच्या आर्द्रतेच्या नोंदीत ७८ टक्के. एसी चालू होता, पण एसीनं खोली गार होते, कोरडी होईलच असं नाही.

संशय पक्का करायला बंद पाकिटातला नमुना तसाच उघडा ठेवून ठरावीक वेळानं केएफ केलं. अडीच तासांत पाणी १.५ वर गेलं. आता हाच हिशेब कर, ९७.६ भागिले ०.९८५, उत्तर ९९.१. माल चांगलाच होता. पाणी मोजलं एका पावडरीचं आणि असे केला दुसऱ्याच ओल्या पावडरीचा.

यात क्यूसीवाला वेळा आणि प्रिंटआउट शोधतो. क्यूए ठरवतं की कारण खरंच सिद्ध झालं का आणि पुन्हा टेस्ट करायला परवानगी द्यायची का. एडीएलला विचारणा जाते की मेथडमध्ये 'असे आणि पाण्याचं वजन एकाच वेळी करा, वजनाच्या जागी आर्द्रता अमुक इतकीच' असं लिहायचं का, आणि ती मर्यादा किती ठेवायची हे तो प्रयोग करून ठरवतो. आणि आरए बघतो की मेथडचा हा मजकूर ज्या ज्या देशात फाइल केलाय तिथे कळवावा लागेल का.

आता स्वतःला विचार, या चौघांपैकी कुणाच्या जागी बसून तुला कंटाळा येणार नाही?

---

सावित्रीकाठ (महाड)

एवढा कुटाणा कशाला? प्रॉडक्शनच्या बाजूनं सांगतो. आकडा बाहेर गेला तर नमुना परत लावायचा, पास झाला की दोन्हींची सरासरी काढायची आणि माल सोडायचा. ९७.९ आणि ९९.१ ची सरासरी ९८.५, पास! ट्रक गेटवर उभा असतो हो, क्यूसीवाल्यांना त्याचं काय.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

सावित्रीकाठ, ट्रकचं दुःख मान्य. पण ही सरासरीच कंपनीला खड्ड्यात घालते. नापास आकडा पास आकड्यात मिसळून लपवायचा नाही, हे अमेरिकेच्या एफडीएच्या ओओएस मार्गदर्शिकेत २००६ पासून स्पष्ट आहे. कारण न सापडता नुसती टेस्ट पुन्हा करून पास आकडा उचलला, की त्याला 'टेस्टिंग इन्टू कम्प्लायन्स' म्हणतात. इन्स्पेक्टर एचपीएलसीच्या एम्पॉवर सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल उघडतो, तिथे पहिलं इंजेक्शनही वेळेसकट बसलेलं असतं. डिलीट केलं तर डिलीट केल्याची नोंद असते.

रानमोगरा, 'ओओएसची माहिती हवी' या ओळीमागे हे आहे. मुलाखतीत विचारतील, 'आकडा बाहेर आला, काय करशील?' 'परत टेस्ट करीन' हे पहिलं वाक्य आलं की मुलाखत संपली समज. 'द्रावणं जपून ठेवीन आणि सुपरवायझरला कळवीन' इथून सुरुवात कर.

---

सावित्रीकाठ (महाड)

बरं बुवा. आमच्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी सरासरीच असते, म्हणून बोललो. पण क्यूसीवाले कधी कधी कारण सापडत नाही म्हणून आठ-आठ दिवस फाइल उघडी ठेवतात, हेही लिहा कुठेतरी.

---

सात_नंबर_फाइल (ठाणे)

आरएबद्दल लिहितो, कारण जाहिरातीत सगळ्यात फसवे शब्द आमच्याच खात्याचे असतात.

दुसरी जाहिरात पुन्हा वाच. त्यात 'क्वेरी रिस्पॉन्स' आणि 'पब्लिशिंग' एकाच ओळीत आहेत, पण ही दोन वेगळी कामं आहेत. पब्लिशिंग म्हणजे तयार कागद ईसीटीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य फोल्डरला टाकणं, पीडीएफला बुकमार्क-हायपरलिंक लावणं, व्हॅलिडेशनमध्ये चूक आली की ती काढणं. काम नेमकं आहे, महत्त्वाचंही आहे. पण दोन वर्षं तेवढंच केलं तर सॉफ्टवेअर येतं, औषध कळत नाही. ऑथरिंग म्हणजे मजकूर स्वतः लिहिणं. तुझ्या जाहिरातीत ऑथरिंग, ड्राफ्टिंग, कंपायलेशन यांतला एकही शब्द नाही. हे मुलाखतीत सरळ विचार: 'पहिल्या वर्षी मी ३.२.एस. मधला कोणता भाग लिहीन?' समोरचा अडखळला तर पब्लिशिंगची खुर्ची आहे.

लिहिणाऱ्याचं काम कसं असतं त्याचा नमुना देतो. प्लांटमधून कागद येतात. स्पेसिफिकेशनमध्ये एका इम्प्युरिटीची मर्यादा ०.१० टक्के. बॅच ॲनालिसिसच्या तक्त्यात त्याच इम्प्युरिटीपुढे मर्यादा ०.१५. स्टॅबिलिटीच्या तक्त्यात तिचं नावच वेगळं, तिथे 'इम्प्युरिटी बी' आणि इकडे रासायनिक नाव. तिन्ही कागद आपापल्या जागी सही-शिक्क्याचे. पण फाइल एकत्र वाचणाऱ्याला हे दिसलं नाही, तर ते रिव्ह्यूअरला दिसतं आणि डेफिशियन्सी लेटर येतं. मग प्लांट म्हणतो जुनं व्हर्जन पाठवलं, क्यूसी म्हणतं आम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि उत्तराची तारीख आपल्या डोक्यावर.

वरच्या पावसाळी गोष्टीत आरएचं काम दोन ओळींत संपलं, प्रत्यक्षात ते लांबतं. मेथडचा मजकूर ३.२.एस.४.२ मध्ये असतो. अमेरिकेत डीएमएफ असेल तर बदल अमेंडमेंटनं कळवायचा आणि ज्यांना ज्यांना लेटर ऑफ ऑथरायझेशन दिलंय त्या गोळ्या बनवणाऱ्या ग्राहकांनाही सांगायचं. युरोपात सीईपी असेल तर ईडीक्यूएमच्या वर्गवारीत हा बदल कुठे बसतो ते बघायचं. तोवर प्लांटनं नवी मेथड वापरायची की जुनी? हा प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारला पाहिजे, तोच आरएचा माणूस. 'लाइफसायकल मॅनेजमेंट' या भारदस्त शब्दामागे रोजचं हेच काम असतं.

फ्रेशरला आरए नकोच असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं क्रोमॅटोग्राम स्वतः काढलेला नाही त्याला प्लांटवाला काहीही पटवून देऊ शकतो, हे खरं. वर्ष-दोन वर्षं क्यूसी करून आरएत आलेले लोक कागद जास्त चांगला वाचतात, असं माझं मत. आमच्याच टीममध्ये याच्या उलट मत असणारेही आहेत.

---

बेसलाइन_ड्रिफ्ट (नवी मुंबई)

तिसरीकडे वळू. 'रिसर्च असोसिएट' वाचून मैत्रिणी हुरळल्या असतील, पण त्या ओळीचं शेपूट बघ: 'प्रोसेस आर अँड डीला ॲनालिटिकल सपोर्ट'. फ्रेशरच्या वाट्याला आधी हेच येतं. सिंथेसिसवाले रिॲक्शन लावतात आणि अर्ध्या-एक तासानं नमुना पाठवत राहतात. 'स्टार्टिंग मटेरियल किती उरलं?' एवढंच विचारायचं असतं. दिवसभर व्हायली भरायच्या, मारायच्या, आकडा कळवायचा. यात मेथड डेव्हलपमेंट नाही.

डेव्हलपमेंट म्हणजे दोन पीक एकमेकांवर बसलेत, ते वेगळे करायला बफरचा पीएच कुठे न्यायचा, कॉलम कोणता, ग्रेडियंट किती चढवायचा. मग फोर्स्ड डिग्रेडेशन: ॲसिड, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता, प्रकाश, यांत पदार्थ मोडून बघायचा आणि मोडल्यावर निघालेला प्रत्येक तुकडा मुख्य पीकपासून वेगळा दिसतोय का ते तपासायचं. व्हॅलिडेशन हे आणखी वेगळं. ते प्रोटोकॉलबरहुकूम चालतं. उदाहरणार्थ असेची ॲक्युरसी तीन पातळ्यांवर प्रत्येकी तीन वेळा, म्हणजे नऊ तयारी. त्यात डोकं प्रोटोकॉल लिहिताना लागतं, नंतर हाताची शिस्त.

मुलाखतीत दोन गोष्टी विचार. सपोर्ट आणि डेव्हलपमेंटच्या टीम वेगळ्या आहेत का, आणि फ्रेशर किती काळानं फिरतो? दुसरं, मेथड ट्रान्सफरला प्लांटमध्ये कोण जातं? ट्रान्सफरला गेल्याशिवाय एडीएलच्या माणसाला कळतच नाही की आपली सुंदर मेथड लोटेच्या पावसाळ्यात कशी आडवी होते. परशुराम_घाटांनी दिलेली भानगड माझ्या मते मुळात मेथड लिहिणाऱ्याची आहे. पावडर पाणी ओढते हे डेव्हलपमेंटच्या वेळीच माहीत असतं. मेथडमध्ये एक ओळ घातली असती तर ओओएस आलाच नसता.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

बेसलाइन, शंभर टक्के. पण ती ओळ नसतानाही ॲनालिस्टनं डबी उघडी ठेवायची नव्हती, हेही खरं. दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेऊ.

---

मालवणी_तडका (कुडाळ)

मधीच इचारतंय, रागव नको. माझा डी.फार्म झाला हा. ह्या क्यूसीत माका घेतीत काय? की मेडिकलच टाकूचा? गोव्यात वेर्ण्याक गोळयांच्यो फॅक्टऱ्यो असत, कुडाळसून गाडी मिळता.

---

सात_नंबर_फाइल (ठाणे)

मालवणी_तडका, क्यूसीच्या जाहिरातीत बहुतेक ठिकाणी बी.एस्सी., एम.एस्सी. किंवा बी.फार्म लिहिलेलं असतं. डी.फार्मला वेर्ण्यासारख्या ठिकाणी प्रॉडक्शन, पॅकिंग, स्टोअर, आयपीक्यूए या बाजूला बघ. मेडिकल स्टोअरसाठी फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, फॅक्टरीतल्या नोकरीसाठी नाही. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढ, इथे दोन गाड्या एका रुळावर येतील.

---

रानमोगरा (खेड)

सगळ्यांचे आभार, एवढं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, पहिल्या जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड' लिहिलंय. अमेरिकेची एफडीए माणसांना मान्यता देते का? दुसरी, 'तातडीने रुजू' म्हणजे काही लपवताहेत का?

---

चुना_भट्टी

अमेरिकेचीच. ऑडिटला आलेले लोक मुलाखत घेतात आणि अप्रूव्ह करतात.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

नाही हो, चुना_भट्टी, हा घोळ सगळीकडे आहे. अमेरिकेची एफडीए ॲनालिस्टला व्यक्तिशः मान्यता देत नाही. ही आपल्या राज्याची एफडीए, अन्न व औषध प्रशासन. औषध बनवायच्या परवान्यावर कंपनीला पात्र तांत्रिक माणसं दाखवावी लागतात, एक उत्पादनासाठी, एक तपासणीसाठी. कंपनी माणसाचं नाव, पदवी आणि अनुभवाचे दाखले पाठवते आणि मग ते नाव मंजूर होतं. तो 'अप्रूव्ह्ड केमिस्ट'.

उत्पादनासाठी किती अनुभव हवा हे औषध नियमांतच आहे: फार्मसी पदवीधराला १८ महिने, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेल्याला ३ वर्षं. तपासणीच्या माणसासाठी नियमात वर्षांचा आकडा नाही, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पुरेसा वाटेल इतका अनुभव. म्हणून तुला आत्ता हे लागू नाही आणि 'प्राधान्य' या शब्दाला घाबरून अर्ज सोडू नकोस. उलट आजपासून एक सवय लाव: प्रत्येक नोकरीच्या अनुभवाच्या पत्रावर 'क्यूसी विभागात एचपीएलसी, जीसी यांवर औषधांची तपासणी' असं कामाचं स्वरूप लिहून घे. नुसतं 'ऑफिसर म्हणून काम केले' असं पत्र पुढे मान्यतेच्या वेळी अडवतं.

'तातडीने रुजू'मध्ये नेहमीच काळंबेरं नसतं. नवा ब्लॉक सुरू होतोय किंवा ऑडिट जवळ आलंय, असंही असतं. पण तीच जागा दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा जाहिरातीत दिसत असेल, तर माणसं टिकत नाहीत. जुन्या जाहिराती शोधून बघ, तारखा सगळं सांगतात.

आणि लोटेच्या जाहिरातीतली खरी मेख वेगळीच आहे. तिथे सेक्शन लिहिलेलं नाही. एपीआयच्या क्यूसीत रॉ मटेरियल, इन-प्रोसेस, फायनल प्रॉडक्ट, स्टॅबिलिटी असे भाग असतात. इन-प्रोसेसला शिफ्ट, कारण रिॲक्टर रात्री थांबत नाही. नमुना पहाटे तीनलाही येतो आणि प्रॉडक्शनवाला दारात उभा राहून आकडा मागतो. तिथे हात झरझर चालायला लागतो, पण तेच केएफ, तीच एलओडी, रिॲक्शन पूर्ण झाली का तेवढं एचपीएलसी. फायनल आणि स्टॅबिलिटीला इम्प्युरिटी, उरलेली सॉल्व्हंट, असे, सगळं येतं. ओओएसची चौकशीही तिथेच शिकायला मिळते.

---

सावित्रीकाठ (महाड)

पहाटे तीनला दारात उभा राहणारा मीच. आकडा लवकर द्या, एवढंच म्हणणं असतं.

---

रानमोगरा (खेड)

अपडेट. लोटेच्या एचआरला फोन केला. म्हणाले पहिले सहा महिने इन-प्रोसेस, तीन शिफ्टमध्ये, मग 'गरजेनुसार' फायनलला. पगार कंपनीचा नाही, कंत्राटदाराच्या पेरोलवर, वर्षानंतर बघू म्हणाले. ठाणेवाल्यांनी मेल केला की सुरुवातीला पब्लिशिंगच, ऑथरिंग दोन वर्षांनी. महापेवाले म्हणाले सपोर्ट आणि डेव्हलपमेंट एकच टीम, सगळे सगळं करतात. मुलाखत येत्या शनिवारी.

---

बेसलाइन_ड्रिफ्ट (नवी मुंबई)

'सगळे सगळं करतात' हे दोन्हीकडे झुकणारं वाक्य आहे. टीम लहान असेल तर खरंच सगळं शिकशील. मोठी असेल तर सपोर्ट नव्यांच्या गळ्यात. टीम किती जणांची आणि एचपीएलसी किती, एवढं विचार. चार जणांत सहा मशीन असतील तर डोळे मिटून जा. दहा जणांत तीन असतील तर व्हायलीची रांग तुझी.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

कंत्राटदाराचा पेरोल असेल तर अनुभवाचं पत्र कोण देणार, कंपनी की कंत्राटदार? वर म्हटलं तसं, मान्यतेसाठी पत्र कामी येतं. पत्रावर कंत्राटदाराचं नाव आणि पद 'हेल्पर' किंवा 'ट्रेनी' अशी उदाहरणं आहेत. हे लोटेवाल्यांकडून लेखी मेलवर घे. तोंडी होकार धरू नकोस. ते मेल द्यायला तयार झाले, तर मी अजूनही लोटे म्हणेन. इन-प्रोसेसचे सहा महिने वाया जात नाहीत.

---

सात_नंबर_फाइल (ठाणे)

इथे माझं जमत नाही. लेखी दिलं तरी 'गरजेनुसार' या शब्दाला शेवट नसतो. माणसं कमी पडली की इन-प्रोसेसमधून कुणी सोडत नाही, कारण शिफ्ट भरायला माणूस लागतोच. मी महापे म्हणेन. ठाण्याचं आमच्याच बाजूचं असूनही सुचवत नाही. दोन वर्षं पब्लिशिंग करून ऑथरिंगला गेलेल्यांना मेथडचा कागद वाचताना फार ठेचा लागतात.

---

चुना_भट्टी

मी आधीच म्हटलं होतं, रिसर्च.

---

परशुराम_घाट (चिपळूण)

कारण वेगळं होतं तुमचं!

रानमोगरा, शनिवारी महापेला जाताना प्रोजेक्टचा एक क्रोमॅटोग्राम छापून ने, ज्यात पीक नीट वेगळे झाले नव्हते तो. चांगला आलेला नको, तो सगळेच नेतात. 'टेलिंग का आलं, तू काय बदलून पाहिलंस' हे ते विचारतीलच. मोबाइल फेजचं प्रमाण, पीएच आणि कॉलमची लांबी आठवणीवर सोडू नकोस, कागदाच्या पाठीमागे लिहून ठेव. खेडहून सकाळची गाडी उशिरा धावली तर मुलाखतीची वेळ चुकेल, आदल्या रात्री पनवेलपर्यंत पोच.

---

रानमोगरा (खेड)

तसा एक क्रोमॅटोग्राम आहे, दोन पीक पार चिकटलेले. गाइडनी रिपोर्टमधून काढायला लावला होता. तोच नेते. पनवेलला मावशी आहे, राहायची सोय होईल. आणि लोटेवाल्यांना पत्राचा मेल आत्ताच टाकला.